हाक आली, पुढे काहीच नाही

‘अलेक्सा’ अशी हाक ऐकू आली आणि पुढे कोणी काही बोललंच नाही, तर कोपऱ्यातल्या त्या स्पीकरने करायचं काय? ‘काय हवंय?’ असं विचारायचं, की गप्प राहून वाट पाहायची? वाट पाहायची तर किती वेळ? घरात स्मार्ट स्पीकर असेल तर हा प्रसंग तुम्ही पाहिलेला असतो. निळा लाइट लागतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि विझतो. आपण दुर्लक्ष करतो. पण त्या काही सेकंदांत यंत्राला एक अवघड निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते आजही बरीच यंत्रं तो नीट घेत नाहीत.

आधी जाग कशी येते ते पाहू. स्पीकर सतत ऐकत असतो हे खरं, पण त्या वेळी त्यातला एक छोटासा प्रोग्रॅम फक्त एकाच शब्दाच्या शोधात असतो. बाकीचा आवाज काही क्षण स्मृतीत राहतो आणि त्यावर नवा आवाज लिहिला जातो. ॲपलने ‘हे सिरी’चं काम कसं चालतं ते २०१७ साली सविस्तर प्रसिद्ध केलं होतं. माइकमधून येणारा आवाज सेकंदाला १६ हजार वेळा मोजला जातो, त्याचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे पाडले जातात, आणि असे सुमारे वीस तुकडे, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, एका वेळी छोट्या न्यूरल नेटवर्कपुढे ठेवला जातो. ते नेटवर्क गुण देतं. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले, की त्याच आवाजाची तपासणी दुसरं, मोठं नेटवर्क करतं. ॲमेझॉनच्या व्यवस्थेत याच्याही पुढे एक पायरी आहे. यंत्राला शब्द सापडला असं वाटलं, की तो शब्द आणि त्याच्या आधीचा अर्धा सेकंद सर्व्हरकडे जातो आणि तिथे पुन्हा खात्री केली जाते.

एवढं करूनही हाती येतात ते गुणच. ‘आपल्याला हाक मारली’ हे यंत्राला कधीच पक्कं कळत नाही, हाक असण्याची शक्यता तेवढी कळते. रेषा वर नेली तर माणसाला ओरडावं लागतं, खाली आणली तर टीव्हीवरच्या बोलण्यानेही यंत्र दचकून उठतं. बनवणाऱ्या कंपन्या रेषा मुद्दाम थोडी खाली ठेवतात, कारण हाक मारूनही उठत नाही असा स्पीकर कोणी विकत घेणार नाही. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा फसवणाऱ्या शब्दांचा शोध घेतला, तेव्हा त्यांना हजाराहून अधिक नमुने मिळाले. ‘इलेक्शन’ आणि ‘अनॲक्सेप्टेबल’ या शब्दांनी अलेक्सा जागी होत होती, ‘ओके कूल’ने गूगलचा स्पीकर, आणि ‘अ सिटी’ने सिरी. हे इंग्रजी-जर्मनचे नमुने झाले. मराठी घरात ‘अलका’ नावाची मावशी असेल किंवा कोणी दारातून ‘आलेत का?’ असं विचारलं, तर काय होऊ शकतं याचा अंदाज आपला आपण करावा.

म्हणजे शब्दानंतरच्या शांततेचा पहिला अर्थ हा, की मुळात कोणी हाक मारलीच नव्हती. पण तो एकमेव अर्थ नाही. कोणी खरोखर हाक मारली असेल आणि उत्तराची वाट पाहत असेल. कोणी हाक मारली असेल आणि ‘आता नेमकं काय सांगायचं होतं?’ म्हणून आठवत असेल. किंवा कोणी पूर्ण वाक्य बोलून मोकळाही झाला असेल, फक्त स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत त्याचा आवाज पोचला नसेल. माइकच्या बाजूने पाहिलं तर या चौघांत फरक करणं फार कठीण. शब्द आला, पुढे अर्थ लागेल असं काही आलं नाही, एवढंच त्याला दिसतं.

यातल्या दुसऱ्या माणसाबद्दल, जो उत्तराची वाट पाहतोय त्याच्याबद्दल, मला विशेष बोलायचं आहे, कारण यंत्राच्या मांडणीत त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ मध्ये एका पोलीस खात्यात आलेल्या सुमारे पाचशे फोनच्या सुरुवातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाक आणि तिला मिळणारं उत्तर ही एक जोडी असते असं त्यांनी दाखवलं. फोनची घंटा ही हाक, ‘हॅलो’ हे तिचं उत्तर. हाक मारणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे, आणि एकदा ते मिळालं की पुढे बोलण्याची जबाबदारी पुन्हा हाक मारणाऱ्याची. आपल्या घरात हेच रोज चालतं. ‘आई!’ म्हणून हाक मारली, की आतून ‘ओ!’ येईपर्यंत पोर पुढचं बोलत नाही. ‘आई माझा निळा शर्ट कुठे आहे’ असं एका दमात कोणी म्हणत नाही; तसं म्हणणं थोडं उद्धटही वाटतं.

स्मार्ट स्पीकरला मात्र एका दमातलं वाक्य हवं असतं: ‘अलेक्सा, उद्या सकाळी सहाचा गजर लाव’. तरुण मुलं हे दोन दिवसांत शिकतात. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं जन्मभराच्या सवयीने आधी हाक मारतात आणि थांबतात. त्यांना ओ हवी असते. ती आली नाही तर ती पुन्हा हाक मारतात, या वेळी जरा मोठ्याने. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘अहो, थांबू नका, लगेच बोला.’ वास्तविक चुकलं ते यंत्राचं. माणसाने बोलण्याची जुनी, जगभर चालणारी रीत पाळली होती.

ओ किती लवकर यायला हवी, याचंही मोजमाप झालेलं आहे. जगातल्या दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वेळ जातो असं दिसलं. भाषेगणिक थोडा फरक होता, पण फार नाही. सेकंदभर शांतता झाली, तर ऐकणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची शंका येऊ लागते. स्पीकरचा लाइट त्याआधीच लागतो, ही चांगली गोष्ट. पण लाइट म्हणजे ओ असं धरायचं, तर माणसाचं तोंड स्पीकरकडे असायला हवं. ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईला मागच्या फळीवरचा निळा लाइट दिसत नाही. ज्याला दृष्टीच नाही त्याला तर तो कधीच दिसणार नाही.

आता घड्याळाकडे येऊ. अशा यंत्रात शांतता मोजणारी दोन घड्याळं असतात, आणि ती वेगळी असणं फार गरजेचं आहे. एक घड्याळ बोलणं सुरू झाल्यानंतरचं. माणूस बोलता बोलता थांबला, की वाक्य संपलं का हे ठरवण्यासाठी ते शांतता मोजतं. हे घड्याळ घाईचं असतं, साधारण सेकंदाच्या आतबाहेर, कारण वाक्य संपल्यावर यंत्र दोन-तीन सेकंद ढिम्म बसलं तर ते मंद वाटतं. दुसरं घड्याळ बोलणं सुरू होण्याआधीचं, म्हणजे हाक आणि पहिला शब्द यांच्यामधल्या शांततेचं. याला सवड हवी. मायक्रोसॉफ्टच्या आवाज ओळखणाऱ्या व्यवस्थेत या दोघांसाठी वेगवेगळी सेटिंग आहेत आणि सुरुवातीच्या शांततेसाठी ५ सेकंद मूळातच धरलेले असतात. एखाद्या उत्पादनात दोन्ही कामं एकाच घाईच्या घड्याळावर सोपवली, तर बिघाड कसा ओळखायचा ते सोपं आहे: आपण हाक मारतो, श्वास घेतो, तोंड उघडतो, आणि तेवढ्यात लाइट विझलेला असतो.

सवड दिली, ती संपली, आणि तरी कोणी बोललं नाही. आता काय? इथे बहुतेक डिझायनर जुन्या टेलिफोन व्यवस्थेकडे पाहतात. बँकेला फोन लावल्यावर ‘हिंदीसाठी एक दाबा’ सांगणारी जी यंत्रणा असते, तिच्यासाठी २००४ मध्ये व्हॉइस-एक्सएमएल नावाचं मानक पक्कं झालं. काहीच ऐकू न येणं आणि ऐकू येऊन न समजणं या दोन वेगळ्या घटना मानून प्रत्येकीला काय उत्तर द्यायचं, याची सोय त्यात होती. काही ऐकू आलं नाही, की प्रश्न पुन्हा विचारायचा. हा नियम फोनवर अगदी योग्य आहे. अलेक्सावर बाहेरच्या कंपन्या जी ॲप बनवतात त्यांनाही तो लागू आहे: ॲपने प्रश्न विचारला आणि माणूस ८ सेकंद बोलला नाही, तर प्रश्न एकदा पुन्हा विचारला जातो, आणखी ८ सेकंद गेले की संवाद बंद.

पण फोनवरच्या शांततेच्या टोकाला माणूस आहे याबद्दल शंका नसते. त्याने स्वतः नंबर फिरवलेला असतो. ॲपच्या प्रश्नानंतरही तसंच, कारण माणूस आधीच काहीतरी बोललेला असतो. नुसत्या हाकेनंतर मात्र तिथे कोणी बोलू इच्छितंय की नाही, हाच मूळ प्रश्न आहे. त्याचं उत्तर माहीत नसताना यंत्राने ‘काय म्हणालात?’ असं मोठ्याने विचारणं म्हणजे खोट्या जागेला खऱ्या संभाषणाचं रूप देणं.

हे किती वाईट थराला जाऊ शकतं, हे अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१८ साली दिसलं. एका घरातलं नवरा-बायकोचं खासगी बोलणं इकोने रेकॉर्ड केलं आणि त्यांच्या संपर्क यादीतल्या, सिअ‍ॅटलमधल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवून दिलं. त्याचा फोन आला तेव्हा या दोघांना कळलं. ॲमेझॉनने नंतर जे स्पष्टीकरण दिलं ते पायरी पायरीने वाचण्यासारखं आहे. बोलण्यातला एक शब्द ‘अलेक्सा’सारखा वाटून यंत्र जागं झालं. पुढचं बोलणं त्याला ‘निरोप पाठव’ असं ऐकू आलं. त्याने मोठ्याने विचारलं, ‘कोणाला?’ खोलीत चाललेल्या गप्पांत त्याला यादीतलं एक नाव ऐकू आलं. त्याने पुन्हा मोठ्याने ते नाव उच्चारून खात्री केली, आणि गप्पांमधला कुठलातरी शब्द त्याला होकार वाटला.

यंत्राने दोनदा विचारलं होतं, म्हणजे कागदावर सगळी काळजी घेतलेली होती. तरी खोलीतल्या कोणीही त्या प्रश्नांची दखल घेतल्याचं दिसत नाही. जो माणूस यंत्राशी बोलतच नाही, त्याच्या लक्षात यंत्राचा प्रश्न येत नाही, आणि त्याच्या पुढच्या बोलण्याला यंत्र उत्तर समजतं. दर वेळी प्रश्न विचारला की माइक पुन्हा उघडतो आणि चुकीला आणखी एक दार मिळतं. त्यामुळे पहिल्या हाकेनंतर शांतता असेल किंवा यंत्राला उद्देशून नसलेलं बोलणं असेल, तर बोलून विचारू नये, यावर मी ठाम आहे.

मग योग्य वागणूक कशी दिसेल? संध्याकाळी सातची वेळ घेऊ. दिवाणखान्यात स्पीकरवर हळू आवाजात भजन लागलेलं आहे आणि आजी सोफ्यावरून म्हणतात, ‘अलेक्सा.’

शब्द संपताक्षणी लाइट लागावा आणि एक छोटा, खालच्या पट्टीतला टुण्ण असा आवाज यावा. ही झाली ओ. शब्द नकोत, कारण शब्दांना वेळ लागतो आणि जे एका दमात बोलतात त्यांच्या वाक्यावर ते आदळतात. भजन बंद न होता त्याचा आवाज उतरावा, म्हणजे खोटी जाग असेल तर ऐकणाऱ्याचा रसभंग होणार नाही. मग पाच ते आठ सेकंद शांतपणे वाट पाहावी. आजी या वेळात ‘जरा... ते आपलं...’ असं काही म्हणाल्या, तर ते बोलणं सुरू झालं असं धरावं, पण दुसरं, घाईचं घड्याळ मात्र थोडं सैल करावं, कारण अडखळत सुरुवात करणारा माणूस मध्येही थांबतो. काहीच आलं नाही, तर लाइट विझावा, आधीपेक्षा वेगळा, उतरता आवाज यावा, भजन पूर्ववत व्हावं. ‘माफ करा, मला ऐकू आलं नाही’ हे वाक्य अजिबात नको. आजींनी हाक मारलीच नसेल, तर रिकाम्या खोलीत यंत्र माफी मागत बसतं. आणि मारली असेल, तर चूक त्यांची आहे असा सूर त्यात लागतो.

समजा, दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा आवाज आला: ‘अलेक्सा!’ आता हिशोब बदलतो. शांत खोलीत एक खोटी जाग येणं सहज शक्य आहे. पाठोपाठ दुसरी, त्याच माणसाच्या आवाजात आणि जास्त जोरात, ही शक्यता फारच कमी. माणूस आहे आणि त्याला ओ पोचलेली नाही, हे आता जवळजवळ नक्की झालं. अशा वेळी यंत्राने तोंड उघडावं. ‘हो, बोला’ एवढं पुरे. नंतरची वाट पहिल्यापेक्षा लांब असावी. तिसऱ्या खेपेलाही शांतताच ऐकू आली, तर अडचण आवाज पोचण्यातच असणार. तेव्हा ‘आवाज नीट येत नाहीये, जरा जवळून सांगाल का?’ असं एकदा म्हणावं आणि थांबावं.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. टीव्हीवरच्या मालिकेत एका पात्राचं नाव अलेक्सा असेल तर खोट्या जागाही ओळीने येतात. आवाज प्रत्येक वेळी एकाच दिशेने, टीव्हीच्या बाजूने येतोय का, हे एकाहून जास्त माइक असलेल्या स्पीकरला ताडता येतं. तसं असेल तर दुसऱ्या हाकेलाही बोलू नये. ठरलेल्या जाहिरातींसाठी ॲमेझॉन आधीच त्यांच्या आवाजाचे ठसे साठवून ठेवतं आणि तो ठसा जुळला तर जाग दाबून टाकतं. मालिका आणि बातम्यांसाठी असं आधीपासून करता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे आपल्या घरांत ज्याला शांतता म्हणतात ती क्वचितच शांतता असते. पंखा फिरतो, कुकरची शिट्टी होते, खालून रिक्षा जाते. आवाज आहे की नाही एवढंच पाहणारं घड्याळ इथे कधी संपतच नाही, आणि लाइट बराच वेळ लागून राहतो. म्हणून आधी माणसाचं बोलणं आहे की इतर गोंगाट, हे ओळखणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो मिक्सरला फसत नाही. टीव्हीवरच्या निवेदकाला मात्र फसतो, कारण ते माणसाचंच बोलणं आहे. तेव्हा त्यापुढे आणखी एक चाळणी बसवतात, जी बोलण्याची लकब आणि त्यातले शब्द पाहून ‘हे मला उद्देशून आहे का?’ असं ठरवते. हाकेनंतर असं दुसऱ्यालाच उद्देशून बोलणं आलं, तर यंत्राने ते शांततेच्याच खात्यात जमा करावं. आणि गोंगाट कितीही चालू राहिला तरी एक वरची मर्यादा असावी, जिच्यानंतर माइक बंदच.

त्या काही सेकंदांत गोळा झालेल्या आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न मला वागणुकीचाच भाग वाटतो. आज ॲपमधल्या इतिहासात डोकावलं तर अलेक्साला उद्देशून नसलेल्या आवाजाच्या नोंदी सापडतात. म्हणजे ते कुठेतरी पोचलं आणि तिथे लिहून ठेवलं गेलं. सिरी न बोलावता जागी होऊन खासगी बोलणं टिपत होती, या आरोपावरच्या अमेरिकेतल्या दाव्यात ॲपलने आरोप न मानता साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करायची तयारी दाखवली. ती २०२५ च्या सुरुवातीला उघड झाली. हाकेनंतर काही बोलणं आलं नाही, तर तो तुकडा यंत्रातच पुसला जावा, अशी मागणी ग्राहक म्हणून आपण करायला हवी. जाग आली एवढी तारीख-वेळ नोंदली तर हरकत नाही. आवाज ठेवण्याचं कारण उरत नाही.

एक शंका नेहमी विचारली जाते: हाक मारून माणूस पडला असेल, बेशुद्ध झाला असेल तर? ही भीती खरी आहे, विशेषतः मुलं परदेशात आणि आई-वडील पुण्या-नागपुरात एकटे, अशा घरांत. तरी हाकेनंतरच्या शांततेला धोक्याची खूण मानता येत नाही. खोट्या जागांची संख्या पाहता शेजारी आणि नातेवाईक चार दिवसांतच त्या सूचनांकडे पाहणं सोडतील, आणि खरी वेळ येईल तेव्हा कोणी धावणार नाही. अशा घरात गळ्यात किंवा मनगटावर बटण असलेलं साधन ठेवावं. स्पीकरवर ती भिस्त ठेवू नये.

घरातला स्पीकर आज आहे तसा असला, तरी काही गोष्टी लगेच करता येतात. अलेक्साच्या ॲपमध्ये त्या त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये गेलं, की विनंती सुरू झाल्याचा आणि संपल्याचा आवाज चालू करण्याची सोय आहे. बहुतेक घरांत ती बंदच असते. हे दोन्ही आवाज चालू केले, की पाठमोऱ्या माणसाला आणि अंध माणसाला ओ मिळते, आणि माइक कधी मिटला तेही कळतं. बोलताना अडखळणाऱ्या किंवा सावकाश बोलणाऱ्या माणसांसाठी यंत्राला जास्त वेळ ऐकायला लावणारं सेटिंगही काही देशांतल्या ॲपमध्ये आहे. आपल्याकडे दिसत असेल तर ते चालू करावं. स्पीकर टीव्हीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या भिंतीला ठेवावा. आणि हाक मारूनही टुण्ण आवाज आलाच नाही, तर आधी माइकचं बटण पाहावं. इकोवर माइक बंद असला की लाल लाइट असतो, आणि त्या स्थितीत कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही.